चौथीपर्यंत नऊ, मग पाचवीपासून?



तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३मध्ये मुलांच्या झोपेचा विषय काढला. त्यानंतर फेब्रुवारी २०२४मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. लहानग्यांचं भलं झालं. पण उशिरा शाळेची खरी गरज तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांना आहे, आणि ती या निर्णयात नाहीत.

वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री एक-दोन तास उशिरा वाढतं. म्हणून आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणं उरकली, दिवे मालवले, तरी नववीतला नातू अकराच्या आत झोपत नाही. मोबाईलने त्यात भर पडते, पण मोबाईल काढून घेतला म्हणून घड्याळ मागे येत नाही.

आता हिशेब मांडू. अर्धापूरहून नांदेडची शाळा सव्वासातची, बस सव्वासहाची, म्हणजे साडेपाचला उठणं आलं. अकरा ते साडेपाच, साडेसहा तास. या वयाला किमान आठ तास हवेत. रोजची तूट दीड तास, सहा दिवसांची नऊ तास. आठवड्याला एक अख्खी रात्र बुडाली! रविवारी तो दहापर्यंत झोपतो ती याचीच वसुली. पण त्याने रात्रीची झोप आणखी लांबते आणि सोमवार सगळ्यात जड जातो. बसमध्ये डुलक्या, पहिल्या तासाला कोरी नजर, रविवारी दोन-तीन तास जास्त झोप, ही तुटीची खूण. आळस म्हणून रागावू नका.

“वेळ वाढवून दिली तर पोरं आणखी जागतील” असं आपण म्हणतो. अमेरिकेतल्या सिॲटलने २०१६मध्ये मोठ्या मुलांची शाळा ७.५०वरून ८.४५वर नेली. संशोधकांनी मुलांच्या मनगटावर यंत्र बांधून झोप मोजली. ती रोज ३४ मिनिटं वाढली. मुलं झोपत होती जवळपास पूर्वीच्याच वेळी, उठत होती उशिरा. पेंग कमी झाली. तपासलेल्या दोन शाळांपैकी जिथे गरीब घरची मुलं जास्त, तिथे पहिल्या तासाची गैरहजेरी आणि उशिरा येणंही घटलं. अपुरी झोप आणि उदासी, चिडचिड यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसतो. मात्र नुसती वेळ बदलल्याने मनाचं दुखणं बरं होतं असं म्हणता येणार नाही.

अडचण आपल्याकडे दोन पाळ्यांची आहे. इमारत एकच, त्यामुळे लहानांना दुपार दिली की सकाळ मोठ्यांच्या वाट्याला येते. शिवाय शाळा उशिरा केली आणि सहाचा क्लास तसाच ठेवला, तर मिळालेला तास क्लासच खाऊन टाकतो.

म्हणून पालकसभेत दोन गोष्टी एकत्रच मागा. नववी-दहावीची शाळा साडेआठला, आणि शाळेआधी क्लास नको.