रांग मोडा, चौकोन आखा!

40 मुलं एकाच वेळी मैदानावर पळतायत, एकही नुसतं उभं नाही आणि कुणी कुणावर आदळत नाही! हे मी नुकतंच पाहिलं, आमच्याच शाळेच्या मैदानावर, आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. शेजारच्या तालुक्यातले खेळाचे सर आले होते. खो-खोच्या तासाआधीचा वॉर्मअप त्यांनी घेतला. सामान काय? एक शिट्टी, थोडी फक्की आणि मुलांच्या खिशातले रुमाल.

आधी नेहमीच्या रांगेचा हिशेब बघा. 10-10 मुलांच्या चार रांगा. पहिल्याने पळत जायचं, खांबाला हात लावून परत यायचं, मग पुढच्याने निघायचं. एका फेरीला 12 सेकंद धरले तर पुन्हा पाळी येते दोन मिनिटांनी. म्हणजे आठ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला चार फेऱ्या, जेमतेम 48 सेकंद पळणं! बाकी सात मिनिटं पुढच्याच्या खोड्या काढायच्या. अंग तापणार कसं?

सरांनी फक्कीने 20 बाय 20 मीटरचा चौकोन आखला आणि सगळ्यांना आत घेतलं. जो तो आपल्या वाटेने, कुणालाही न शिवता चालणार, मग हळू पळणार. थोड्याच वेळात सगळी मुलं एकाच दिशेने गोल फिरू लागली. मुलांचं हे असंच होतं म्हणे, कारण गोलात डोकं चालवावं लागत नाही. सरांनी लगेच नियम घातला: शिट्टी वाजली की समोर दिसेल त्या मोकळ्या जागेकडे वळायचं. गोल मोडला, माना वर झाल्या, नजर फिरू लागली. खो-खोत पळणाऱ्याला हेच तर लागतं!

मग एकेक हालचाल आली. गुडघे वर उचलत पळणं, बाजूला सरकणं, दोन्ही पायांवर आलटून पालटून लंगडी. त्यानंतर जे आलं ते पाहून मी हरखूनच गेले. सरांनी टाळी वाजवली की सगळ्यांनी असतील तिथे खो-खोतल्यासारखं उकिडवं बसायचं. ‘खो’ म्हटलं की उठून पहिलं पाऊल जोरात टाकायचं. पाटीत बसलेल्या गड्याला जी उठण्याची झेप लागते, तिची तयारी 40 जणांची एकदम!

पुढचा खेळ सावलीचा. जोड्या पाडल्या. पुढचा हुलकावण्या देत पळणार, मागच्याने हात न लावता त्याच्या पाठीशी राहायचं. 15 सेकंदांनी शिट्टी, सगळे जागच्या जागी. मागच्याचा लांब केलेला हात पुढच्याच्या पाठीला पोचला तर सावली जिंकली. दोन श्वास घ्यायचे आणि अदलाबदल. धाव इतकी छोटी का, तर पूर्ण वेगाने वळायला मिळावं आणि खऱ्या खेळासाठी दमही उरावा.

शेवटी शेपटी! रुमाल मागे कमरेत खोचायचा, वीतभर लोंबता ठेवायचा. गाठ मारायची नाही, नाहीतर ओढताना मूल पडतं. दुसऱ्याची शेपटी ओढायची आणि तिथेच जमिनीवर टाकून पुढे पळायचं. पण शेपटी गेलेला बाद होत नाही! तो आपला रुमाल उचलतो, कडेला जाऊन पाच उठाबशा काढतो, रुमाल खोचतो आणि पुन्हा आत येतो. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे. बाद करण्याच्या खेळात सगळ्यात हळू पळणारं मूल पहिलं कडेला बसतं, आणि पळण्याची गरज सगळ्यात जास्त त्यालाच असते.

ओणवं होऊन ताण धरून ठेवायचे व्यायाम सरांनी तासाच्या शेवटी ढकलले, कारण खूप वेळ ताण धरला की लगेच पळताना पायांतला जोर थोडा कमी पडतो. अंग तापलं हे कसं ओळखायचं? कपाळावर घाम, श्वास जलद, पण विचारल्यावर पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. तुटक शब्द आले की वेग उतरवायचा. उन्हाळ्यात हे सगळं पाच मिनिटांतच आटपायचं आणि पाणी पाजायचं. दम्याच्या मुलाला सुरुवातीचं चालणं जास्त वेळ द्यायचं. टकरा होऊ लागल्या तर चौकोन लहान पडतोय, रेघ बाहेर सरकवायची. फार मोठाही नको, कोपऱ्यातल्या मुलांना आवाज ऐकू येत नाही.

तुमच्या शाळेत पटसंख्या वेगळी असेल, तर मुलामागे 10 चौरस मीटर धरा. उद्याच्या तासाला आखून बघा आणि मला जरूर कळवा!