लेक तापाने फणफणलेली, आणि साहेबांना काय सांगायचे?

घरात मूल आजारी पडले की नोकरी करणाऱ्या आईला सकाळी दोन फोन करावे लागतात. एक डॉक्टरांना आणि दुसरा साहेबांना. पहिल्या फोनवर काय बोलायचे ते ठाऊक असते. ताप किती, कधीपासून, उलटी झाली का, पाणी पिते का. दुसऱ्या फोनवर मात्र जीभ अडखळते. कुणी आजाराचे लांबलचक वर्णन करत बसते, कुणी स्वतःचेच डोके दुखते असे सांगून मोकळी होते, तर कुणी ‘मी घरून सगळे करते’ असा शब्द देऊन टाकते. मग दुपारपर्यंत तिला ना मुलाजवळ धड बसता येते, ना कामाजवळ.

2020 सालच्या टाळेबंदीनंतर घरून काम ही गोष्ट साऱ्यांच्या ओळखीची झाली. पण धडधाकट मूल शाळेत गेल्यावर घरून काम करणे वेगळे आणि तापलेले मूल मांडीवर घेऊन काम करणे वेगळे. साहेबांनाही हा फरक कळतो. म्हणूनच तर ते लगेच ‘हो’ म्हणत नाहीत.

आम्ही बेंगळुरूच्या चामराजपेटेत राहतो. माझे माहेर आणि सासर दोन्ही सांगली-मिरजेकडचे. त्यामुळे ‘आजी, जरा बसता का नातीजवळ?’ म्हणायची सोय नाही. लेक चार वर्षांची आहे. यजमान पीण्याच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतात; ते मशीन काही घरी आणता येत नाही. माझे काम मजकुराचे, म्हणजे निदान काही भाग तरी घरी आणता येण्याजोगे. एका गुरुवारी पहाटे लेकीचे अंग चटका बसावा इतके गरम लागले. पावणेसहाला ताप 101.8 भरला. डॉक्टरांनी पूर्वी वजनाप्रमाणे ठरवून दिलेले पॅरासिटामॉलचे औषध सहाला दिले आणि आम्ही दोघे चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरात बसलो.

आधी दिवस मांडून पाहा

साहेबांना फोन करण्यापूर्वी पंधरा मिनिटे कागद-पेन्सिल घेऊन बसावे, असे मी प्रत्येकीला सांगेन. कागदाच्या एका बाजूला मुलाचा दिवस लिहायचा, दुसऱ्या बाजूला कामाचा.

लेकीचा दिवस असा होता. तापाचे हे औषध अर्ध्या-एक तासात लागू पडते आणि त्याचा असर साधारण चार ते सहा तास टिकतो. म्हणजे सकाळी ती जरा हुशार वाटणार, डॉक्टरांकडून आल्यावर झोपणार आणि बाराच्या सुमारास ताप पुन्हा चढणार. आमचे बालरोगतज्ज्ञ दहाला बसतात. जाणे-येणे, रांग आणि औषधाचे दुकान धरून पावणेदहा ते सव्वाअकरा हा वेळ गेलाच.

कामाच्या बाजूला चार गोष्टी होत्या. आठ पानांचे अंतिम वाचन. ती पाने संध्याकाळी सहाला छपाईला जायची होती. अकरा वाजता पुढच्या अंकाची बैठक. शुक्रवारी द्यायचा एक अनुवाद. आणि छायाचित्रांखालच्या ओळी पानावर बसवणे, जे कार्यालयातल्याच संगणकावर करावे लागते. ही चौथी गोष्ट घरून होणारी नव्हतीच. ती लपवून ‘सगळे करते’ म्हटले असते, तर चार वाजता तिचा उलगडा झाला असता आणि तेव्हा कुणाच्याच हातात काही उरले नसते.

पक्के तास, कच्चे तास

घरात आजारी मूल असताना सगळे तास सारखे नसतात. मुलाजवळ दुसरे मोठे माणूस आहे आणि आपण दार लोटून कामाला बसलो आहोत, ते पक्के तास. मूल झोपले आहे म्हणून मिळालेले ते कच्चे तास, कारण झोप कधी मोडेल याचा नेम नाही. जे काम चुकले तर दुसऱ्याचे काम अडते ते पक्क्या तासांत ठेवावे. अर्ध्यावर सोडता येते ते कच्च्या तासांत.

मला पक्के तास मिळणार होते ते यजमान घरी आल्यावरच. म्हणून आधी त्यांनी आपल्या सुपरवायझरला फोन केला. अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि दीडला निघण्याची परवानगी मिळवली. पीण्याहून के. आर. मार्केटपर्यंत मेट्रो थेट येते. कारखान्यातून स्टेशनपर्यंत यायला लागणारा वेळ धरला तरी अडीच-पावणेतीनला ते घरी पोहोचणार होते. तेव्हा कुठे ‘तीन ते सहा’ हा शब्द मला देता येणार होता. हे फोन उलट क्रमाने केले असते, तर माझ्या शब्दाला आधारच नव्हता.

आठ पानांना पानामागे वीस मिनिटे धरली तरी दोन तास चाळीस मिनिटे होतात. तीन ते सहा हा वेळ पुरेसा, पण फार मोकळा नाही. म्हणून त्या वेळात दुसरे काही घेतले नाही. अनुवाद साडेअकरा ते एक या कच्च्या वेळात टाकला. छायाचित्रांच्या ओळींसाठी एका सहकारी मैत्रिणीला सातला विचारले. सरांची हरकत नसेल तर करीन, असे ती म्हणाली.

सव्वासातला आमच्या विभागप्रमुखांना मी निरोप लिहिला. इतक्या लवकर लिहिण्याचे कारण साधे आहे. नऊनंतर सांगितले तर ती नुसती बातमी होते. सातला सांगितले तर त्यांना काही बदलायलाही वाव राहतो. निरोपाचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा होता:

‘सर, मुलीला पहाटेपासून 101.8 ताप आहे. पावणेदहा ते सव्वाअकरा डॉक्टरांकडे असेन, तेव्हा फोन घेता येणार नाही. आज माझी अर्ध्या दिवसाची रजा धरावी आणि उरलेला अर्धा दिवस घरून काम करू द्यावे, ही विनंती. दुपारी तीन ते सहा मुलीजवळ तिचे बाबा असतील. त्या वेळात आठही पाने वाचून सहापूर्वी पाठवते. साडेअकरा ते एक जमेल तेवढा अनुवाद करीन. बैठकीला येऊ शकणार नाही. माझे मुद्दे नऊपर्यंत लिहून पाठवते. छायाचित्रांच्या ओळी घरून होणार नाहीत. त्या करायला सहकारी तयार आहे, तुमची संमती हवी. उद्याचे आज संध्याकाळी सहाला कळवते.’

यात आजाराबद्दल एकच वाक्य आहे. बाकी सारे वेळेबद्दल आणि कामाबद्दल आहे.

सरांचा प्रश्न

आठला त्यांचाच फोन आला. ‘‘घरी तुम्ही मुलीला सांभाळणार की पाने वाचणार?’’

प्रश्न टोचणारा असला तरी रास्त होता. मी म्हटले, ‘‘सर, तीनपर्यंत मुलीला सांभाळणार. म्हणून तर अर्धी रजा मागितली आहे. तीननंतर फक्त पाने.’’

‘‘आणि मुलीचे बाबा आले नाहीत तर?’’

‘‘ते दीडला निघाले की मी तुम्हाला कळवते. निरोप आला नाही, तर पाने दुसऱ्याकडे द्यायला तुमच्या हातात साडेचार तास राहतात.’’

‘‘ठीक आहे,’’ ते म्हणाले, ‘‘ओळींचे मी बोलतो तिच्याशी.’’

अर्ध्या रजेची गोष्ट अनेकींना पटत नाही. घरून काम करणार तर रजा कशाला खर्चायची, असे त्या विचारतात. पण साडेचार तासांच्या कामाला पूर्ण दिवस म्हटले की उरलेला वेळ चोरीचा होतो. मग लेकीला भरवतानाही फोन वाजला की हात थांबतो. रजा मांडली की तो वेळ आपल्या हक्काचा.

हक्काचे म्हटले म्हणून सांगते. आजारी मुलासाठी एका दिवसाची सुट्टी देणारा सर्वांना लागू असा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्यांना 2008 पासून साऱ्या नोकरीत मिळून 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, पण तीही एका वेळी किमान पाच दिवसांची घ्यावी लागते. प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आवश्यक केली. पण तापलेले मूल पाळणाघरात ठेवता येत नाही. खासगी नोकरीत त्यामुळे आपली किरकोळ रजा आणि साहेबांशी नीट केलेले बोलणे, एवढेच हाताशी राहते.

ठरवले तसे झाले का?

सगळे नाही. डॉक्टरांनी तपासून विषाणूचा ताप असल्याचे सांगितले. पावणेबाराला लेक झोपली आणि मी अनुवादाला बसले. बारा वीसला ती रडत उठली, अंग पुन्हा तापलेले. औषध पाजले तर लगेच उलटी झाली. पुन्हा औषध द्यायचे का, हे डॉक्टरांना फोनवर विचारले. अंथरूण बदलले, तिला कुशीत घेऊन बसले. अनुवाद जेमतेम दीड परिच्छेद झाला होता. सरांना एक ओळ लिहिली, ‘अनुवाद थांबला आहे, पानांचे वेळापत्रक कायम.’ कच्चा वेळ मोडला, पण त्यावर कुणाचे काही अवलंबून नव्हते. यजमान पावणेतीनला आले. पाच पन्नासला आठवे पान गेले.

घरून काम मागूच नये तेव्हा

काही सकाळी अशा असतात की हा कागद मांडायचाच नसतो. मूल पाणी पीत नाही, सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही, सारखे गुंगीत आहे, झटका आला आहे, किंवा श्वास भराभर चालला आहे, तर सरळ पूर्ण रजा सांगावी आणि रुग्णालय गाठावे. श्वास मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा तो चाळीस किंवा त्याहून अधिक भरला तर ते धोक्याचे लक्षण मानतात. अशा वेळी ‘दुपारी बघते’ असेही म्हणू नये.

दुसरी गोष्ट डेंगीची. 2024 च्या पावसाळ्यात बेंगळुरूत डेंगीचे रुग्ण फार वाढले होते. या आजारात धोक्याची वेळ बहुधा ताप उतरू लागल्यावर, तिसऱ्या दिवसानंतर येते. त्यामुळे ‘ताप उतरला, उद्या येते’ असे घाईने सांगता येत नाही. पोटात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून गेल्यासारखे वाटणे यांकडे लक्ष ठेवावे लागते. डॉक्टरांनी आम्हालाही ताप टिकला तर शनिवारी रक्त तपासायला सांगितले होते.

म्हणून संध्याकाळी सहाला सरांना मी एवढेच कळवले: ‘उद्या मुलगी घरीच राहील. सकाळी तिचे बाबा असतील, मी नऊ ते एक कार्यालयात येते आणि अनुवाद तिथेच संपवते. दुपारची अर्धी रजा धरावी. शनिवारचे उद्या याच वेळी सांगते.’ पलीकडून ‘हो’ आले. यजमानांनी आपल्या सुपरवायझरला फोन लावला आणि मी लेकीसाठी मऊ भाताचा कुकर चढवला.