‘हो’चा पुरावा, ‘नाही’चा पुरावा

चिकलठाणा एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपच्या हिशेबात एक पेच वरचेवर येतो. मोठ्या कंपनीकडून खात्यात एकरकमी पैसे जमा होतात, पण ते कोणत्या बिलांचे, हे कुणी कळवत नाही. समजा, सहा बिलं येणं आहेत: १८,४००, २७,६५०, ९,७५०, ४१,३००, १३,९०० आणि २२,५५०. जमा झाले ५९,९५०. यातली कोणती बिलं मिळून ही रक्कम होते?

अकाउंटंटने २७,६५०, १८,४०० आणि १३,९०० या तीन आकड्यांवर टिक करून कागद पुढे सरकवला, तर मालकाला फक्त बेरीज करायची असते. ती ५९,९५० भरते. टिक केलेला कागद हाच इथे पुरावा. तो शोधायला किती वेळ गेला, याच्याशी मालकाला देणंघेणं नाही.

संगणकशास्त्रातला ‘एनपी’ हा वर्ग नेमका याच कागदावर उभा आहे. उत्तर ‘हो’ असेल तर ज्याचा आटोपशीर पुरावा देता येतो आणि तो झटपट तपासता येतो, असा प्रश्न एनपीतला. ‘पी’ वर्गातले प्रश्न पुराव्याशिवाय, स्वतःच झटपट सोडवता येतात. झटपट म्हणजे प्रश्नाचा आकार वाढला तरी वेळ त्या आकाराच्या ठरावीक घाताच्या मर्यादेत राहतो. पीमधला प्रत्येक प्रश्न एनपीतही असतोच; जे आपणच सोडवू शकतो, त्यासाठी दुसऱ्याचा कागद लागत नाही. उलट बाजू खरी आहे का, हे स्टीफन कुक यांनी १९७१ साली प्रश्न मांडल्यापासून आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

आता जमा रक्कम ५९,९०० आहे असं समजू. अकाउंटंट म्हणतो, ‘बसत नाही.’ या वेळी तो काय दाखवणार? सहा बिलांच्या चौसष्ट निवडी होतात, त्या सगळ्या करून पाहाव्या लागतील. बिलं चाळीस असतील तर निवडी सुमारे एक लाख दहा हजार कोटी. रक्कम ५९,९३० असती तर गोष्ट सोपी होती. सगळी बिलं पन्नासच्या पटीत आहेत, ही रक्कम नाही. एका ओळीत ‘नाही’ सिद्ध. पण अशी पळवाट दरवेळी मिळेलच, याची हमी नाही. एनपीची व्याख्या ‘हो’च्या पुराव्याचं आश्वासन देते, ‘नाही’च्या पुराव्याबद्दल गप्प राहते.

व्यवहारात संगणक हे चाळीस बिलांचं कोडंही सोडवतो. एकेक बिल घेत, आजवर कोणकोणत्या बेरजा शक्य झाल्या याचा तक्ता तो भरत जातो. रक्कम लाखांत असेल तर तक्त्यात लाखभर रकाने, तेवढे चालतात. पण रकमेत एक अंक वाढला की रकाने दहापट होतात. पन्नास अंकी रक्कम एका ओळीत लिहिता येते, तिचा तक्ता मात्र कुठेच मावणार नाही. या प्रश्नाची खरी अवघड जागा मोठ्या आकड्यांत आहे.

नकाशा रंगवण्याच्या प्रश्नात मोठे आकडे नाहीतच. शेजारच्या जिल्ह्यांना वेगळे रंग द्यायचे, एवढीच अट. दोन रंग पुरतील का? छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीड या तिघांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. म्हणजे पुरणार नाहीत, आणि हे तीन जिल्हे हाच ‘नाही’चा पुरावा. एरवीही एक जिल्हा रंगवला की शेजाऱ्यांचे रंग आपोआप ठरत जातात; विसंगती आली तर ती लगेच दिसते. हा प्रश्न पीमधला. चार रंग कुठल्याही सलग प्रदेशांच्या नकाशाला पुरतात, हे १९७६ साली सिद्ध झालं. अडचण मधल्या तीन रंगांची. रंगवलेला नकाशा हातात दिला तर एकेक हद्द पाहून तपासता येतो. पण रंगवता येईल की नाही, हे ठरवणारी झटपट रीत कुणाकडे नाही. ती सापडली तर बिलांचा प्रश्नही झटपट सुटेल, कारण एकाचं रूपांतर दुसऱ्यात करता येतं.

मला मात्र त्या टिक केलेल्या कागदात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. २७,६५०, २२,५५० आणि ९,७५० यांचीही बेरीज ५९,९५०च होते. म्हणजे पहिला कागद निर्दोष असूनही कंपनीने पैसे त्याच बिलांचे दिले, असं त्यातून ठरत नाही. ‘अशी निवड आहे का?’ हा गणिताचा प्रश्न. ‘त्यांनी कोणती निवडली?’ हा व्यवहाराचा. पुरावा पहिल्याचं उत्तर देतो आणि आपण तो दुसऱ्याचं समजून खतावणीत नोंद करून मोकळे होतो. बेरीज जुळल्यावर कंपनीच्या अकाउंट्सला फोन लावायचा तो याचसाठी.