'पाहायला' या क्रियेची विभक्ती

संस्कृतात 'पाहण्यासाठी' म्हणायचे तर एकच रूप पुरते: द्रष्टुम्. ऋग्वेदात हे 'तुम्' हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आढळते. तिथे त्या कामाला दृशे, हन्तवे, पातवे, पिबध्यै, दातोः अशी रूपांची गर्दी आहे. पाणिनीने 'तुमर्थे' या शब्दाने सुरू होणाऱ्या सूत्रात (3.4.9) पंधरा प्रत्यय एका दमात सांगितले आणि सगळ्यांना 'तुम्'च्या अर्थाचे ठरवले. अशा रूपांची गणना त्याने अव्ययांत केली, म्हणजे त्यांना विभक्ती उरली नाही. अर्थाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण सूक्तांतली वाक्ये पाहिली की माझे मत वेगळे होते: यांतल्या बऱ्याच रूपांत विभक्ती जिवंत आहे, आणि तिचा पुरावा त्या रूपापेक्षा शेजारच्या कर्मात सापडतो.

'दृश्' या एकाच धातूचे उदाहरण घेऊ. पहिल्या मंडलातल्या पन्नासाव्या सूक्ताच्या आरंभी किरण सूर्याला वर आणतात, ते सर्वांनी त्याला पाहावे म्हणून. तिथे रूप दृशे आणि कर्म द्वितीयेत, सूर्यम्. दहाव्या मंडलातल्या चौदाव्या सूक्तात यमाच्या दोन कुत्र्यांकडे मागणे आहे, की आम्हांला पुन्हा सूर्य पाहता यावा म्हणून प्राण परत द्या. तिथे रूप दृशये आणि सूर्य चतुर्थीत, सूर्याय. शब्दशः अर्थ 'पाहण्यासाठी, सूर्यासाठी' असा होतो. पाहणे चतुर्थीत आहे म्हणून पाहण्याची वस्तूही त्याच्यामागोमाग चतुर्थीत गेली. (पहिल्या ठिकाणीही एक चतुर्थी आहे, विश्वाय, पण ती पाहणाऱ्याची. शेजारची प्रत्येक चतुर्थी कर्माची असेलच असे नाही, हे अर्थावरूनच ठरवावे लागते.)

यावर पहिला आक्षेप असा, की दृशये हे तुमर्थक नव्हेच, 'दृशि' या साध्या नामाची ती चतुर्थी आहे. पण साध्या नामाचे कर्म षष्ठीत जाते. सोम पिण्यासाठी देवांना बोलावताना ऋषी सोमस्य पीतये म्हणतात. आपणही 'सूर्याच्या दर्शनासाठी' म्हणतो. इथे सूर्यस्य नाही. शिवाय हाच प्रकार पाणिनीच्या यादीतल्या निःसंशय रूपाजवळही दिसतो. इंद्राला वृत्रवधासाठी पुढे केले, हे सांगताना ऋषी हन्तवे वापरतो आणि वृत्राला वृत्राय करतो (8.12.22). हन्तवे हे पूर्ण अव्यय असते तर वृत्राला चतुर्थीत ओढले कोणी? परंपरा अशा जागी व्यत्यय म्हणून मोकळी होते. त्याने रूप सिद्ध होते, पण ते तसे का झाले हे कळत नाही.

दुसरा आक्षेप छंदाचा, आणि तो अधिक जड आहे. सूर्य हा शब्द इथे 'सूरिय' असा तीन अक्षरी उच्चारायचा. गायत्रीच्या आठ अक्षरी चरणाच्या शेवटी सूरियम् नेमके बसते, तर त्रिष्टुभाच्या अकरा अक्षरी चरणाचा शेवट गुरू-लघू-गुरू या चालीचा असल्याने तिथे सूरियाय हवे. मग विभक्ती छंदाने ठरवली, व्याकरणाने नव्हे, असे का म्हणू नये? अंशतः म्हणावेही. पण छंद निवड करतो ती भाषेत उपलब्ध असलेल्या पर्यायांतून. ऐकणाऱ्याला खटकेल अशी चतुर्थी कवीने केवळ एका अक्षरासाठी घेतली असती, तर तसाच प्रकार इतर विभक्तींतही दिसला नसता. दुसऱ्या मंडलात आम्हांला खड्ड्यात पडण्यापासून वाचवा अशी देवांना विनवणी आहे (2.29.6), तिथे 'पडणे' अवपदः असे पंचमीत आहे, आणि खड्डाही कर्तात् असा पंचमीत. 'ईश्', म्हणजे सत्ता असणे, या धातूला षष्ठी लागते, म्हणून अग्नी संपत्ती देण्यास समर्थ आहे हे सांगताना 'देणे' दातोः होते आणि संपत्तीही रायः अशी षष्ठीत येते (7.4.6). मुख्य क्रियापद जी विभक्ती मागेल ती क्रियावाचक शब्दाला, आणि त्याच्याकडून कर्माला, अशी ही साखळी आहे.

सगळीच रूपे या साखळीत बसत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पिबध्यै मध्ये 'पा' नाही, वर्तमानकाळाचे 'पिब' आहे. नामाला असले अंग नसते. तो गट क्रियापदाकडे बराच सरकलेला दिसतो. दृशे मधोमध आहे: घडण चतुर्थीची, पण कर्म बहुधा द्वितीयेत. मराठी वाचकाला ही मधली अवस्था परकी वाटू नये. 'पाहायला' मधला 'ला' आणि 'पाहायचा' मधला 'चा' विभक्तीचेच आहेत, तरी आपण 'सूर्य पाहायला' म्हणतो आणि सूर्याला षष्ठी लावत नाही.