'जय भीम'च्या नंतर

आम्ही नोकरीने कारकून. रविवार मात्र वस्तीत जातो. तुर्भे, रबाळे, दिघा या बाजूला घरोघर फिरायचे, मुलांच्या अभ्यासिकेसाठी नावे घ्यायची, कुणाचे कागदपत्र अडले असतील ते पाहायचे, हे काम गेली कित्येक वर्षे चालू आहे. या फिरण्यात दार वाजवल्यावर पहिला शब्द कोणता, हे ठरलेले असते. आम्ही "जय भीम" म्हणतो, समोरूनही "जय भीम" येतो. अडचण इथेच सुरू होते. उत्तर सगळ्यांचे एकच. जागा असलेल्याचे, झोपेतून उठलेल्याचे, घाईत असलेल्याचे आणि बोलायला उत्सुक असलेल्याचेही. शब्दावरून काही कळत नाही. जे कळायचे ते त्याच्या पुढच्या दोन-तीन क्षणांत कळते, आणि ते आम्हाला फार उशिरा उमगले.

तुर्भ्याला एक माथाडी बंधू राहतात. वाशीच्या बाजार समितीच्या भाजी मार्केटात त्यांचे काम. ते रात्री सुरू होते, माणूस दहाच्या सुमारास घरी येतो आणि अकराला अंथरुणाला पाठ टेकतो. आम्ही एका रविवारी साडेअकराला गेलो. ते कोपरावर रेलून उठले, "जय भीम दादा, बसा" म्हणाले. आम्ही बसलो आणि चाळीस मिनिटे बोललो. ते "हो", "बरं", "बघू" एवढेच म्हणत होते. वहिनींनी पाणी दिले, मग पडदा ओढला, मग तो पुन्हा नीट केला. आम्हाला वाटले, गडी शांत स्वभावाचा आहे. उठताना आम्ही समाधानाने म्हणालो, "छान बोलणं झालं." बोलणे आमचेच झाले होते! दोन दिवसांनी कळले की त्या रात्री अर्धवट झोपेत कामाला गेलेल्या त्यांच्या पायावर गोणी पडली. ती आमच्यामुळेच पडली असे कुणी म्हणाले नाही, वहिनी तर मुळीच नाहीत. पण तेव्हापासून आम्ही अंथरुणाकडे बघायला शिकलो.

आता ते चित्र आठवले की सगळे स्पष्ट दिसते. चेहरा आमच्याकडे होता, पण पाय अंथरुणावर तसेच पसरलेले होते. माणसाला बोलायचे असले की तो पाय हलवतो, मांडी घालतो, बाजूला सरकून जागा करतो. घाईतल्या माणसाचेही असेच असते. तो मान वळवतो, पण खांदे आणि पाय त्याच्या कामाकडेच राहतात. अमेरिकेतले अभ्यासक इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी 1998 साली यावरच एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, वरचे अंग एकीकडे आणि खालचे दुसरीकडे असेल, तर खालचे अंग जिकडे असते तेच माणसाचे मुख्य काम असते आणि वर वळणे तात्पुरते असते. मोरीपाशी भांडी घासणारी ताई मान वळवून "या ना" म्हणते, पण हात राखेतून निघत नाही. ते "या" मनापासूनचे असते, पण आत्ताचे नसते.

"बसा, चहा घ्या" यावरही आम्ही बरेच फसलो आहोत. आपल्या घरांत आलेल्याला पाणी विचारणे ही रीत आहे, ती शत्रूलाही चुकत नाही. म्हणून पाण्यावरून काही ठरवू नये. शब्दाबरोबर काही हलते का, हे पाहावे. टीव्हीचा आवाज कमी झाला, खुर्चीवरचे कपडे उचलले, "अगं, कोण आलंय बघ" अशी आत हाक गेली, तर बसावे. दारातच उभे राहून, एक हात चौकटीला लावून कुणी "बसा ना" म्हणाले, तर निरोप सांगून निघावे.

तिसरी खूण पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात असते. "काय चाललंय?" यावर "चाललंय" एवढेच आले तर दार लोटून घेतले असे समजावे. "चाललंय, तुमचं काय?" आले तर दार निम्मे उघडे आहे. "चाललंय कसलं, त्या पोरानं डोकं फिरवलंय" असे आले, तर तुमची घाई असली तरी थांबले पाहिजे. न विचारलेले काहीतरी माणसाने दिले, याचा अर्थ त्याला पुढे बोलायचे आहे.

उत्तर किती लवकर येते, यालाही अर्थ असतो. 2009 साली 10 भाषांतल्या बोलण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मराठी त्यात नव्हती. प्रश्न संपला की उत्तर यायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो आणि होकार नकारापेक्षा लवकर येतो, असे त्यात दिसले. म्हणून "नंतर येऊ का?" विचारल्यावर "नाही नाही, बोला" हे झटकन आले तर एक, आणि थोडे थांबून आले तर दुसरे. पण ही खूण झोपेतून नुकत्याच उठलेल्याला लावू नये. जाग आल्यावर पंधरा मिनिटे ते अर्धा तास मेंदू जड असतो, त्या वेळी माणूस सगळ्यालाच सावकाश उत्तर देतो. स्वतःचे नाव विचारले तरी थांबेल! त्याचा नकार उशिरावरून ओळखता येत नाही, फक्त त्याची झोप ओळखता येते. अशा वेळी आम्ही प्रश्नच विचारत नाही. "झोपा तुम्ही, संध्याकाळी सहाला येतो," असे सरळ सांगतो. खरेच काम असेल तर तोच म्हणतो, "थांबा, एक बोलायचं होतं."

एवढे शिकल्यावर आम्ही उलट्या बाजूने चुकलो. हार्बरच्या संध्याकाळच्या गाडीत आमच्या सोसायटीतल्या एक मावशी भेटल्या. त्या घरकाम करून मानखुर्दहून परत येत होत्या, जागा मिळाली होती आणि डोळे मिटलेले होते. आम्ही "जय भीम मावशी" म्हणालो. त्यांनी डोळे उघडून "जय भीम" केले आणि पुन्हा मिटले. दमलेल्या आहेत, झोपू द्यावे, म्हणून आम्ही शहाणपणाने खिडकीबाहेर पाहू लागलो. खाडीपूल गेला. वाशी गेल्यावर त्यांनी डोळे उघडून विचारले, "दादा, कुठं उतरता तुम्ही?" आम्ही म्हणालो, "नेरूळ." त्या "हं" म्हणाल्या. सानपाड्याला पुन्हा, "आज लवकर सुटला वाटतं?" आम्ही "हो" म्हणालो आणि मनात म्हटले, बघा, झोपेतही माणूस रीत सोडत नाही.

आम्ही नेरूळला उतरतो हे त्या बाईला दहा वर्षे माहीत आहे. त्याही तिथेच उतरतात, एकाच इमारतीत जायचे असते. ज्याचे उत्तर ठाऊक आहे असा प्रश्न माणूस विचारतो, तेव्हा त्याला उत्तर नको असते, बोलण्याला सुरुवात हवी असते. तीही दोनदा. आणि डोळे मिटलेले असले तरी पिशवी त्यांनी मांडीवरून काढून आमच्या बाजूला ठेवली होती, हे आम्ही पाहिलेही होते. जिना चढताना त्या मागे राहिल्या, आम्ही पुढे निघून गेलो.

पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. त्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात जातीच्या दाखल्यावरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळत नव्हते, म्हणून अर्ज परत आला होता. तो पुन्हा भरायची मुदत आदल्या शुक्रवारी संपली होती. आम्ही रोज हेच कागद हाताळतो. प्रतिज्ञापत्र करून एका दिवसाचे काम होते. "आईनं तुम्हाला गाडीत सांगितलं नाही का?" त्याने विचारले. "ती म्हणाली होती, दादा भेटले की सांगते म्हणून."

त्याचा पुढच्या वर्षीचा अर्ज आम्ही मुदतीच्या वीस दिवस आधी भरला. मावशी गाडीत अजून भेटतात. त्यांचे डोळे मिटलेले असले तर आम्ही हळूच "जय भीम" म्हणतो आणि मानखुर्द ते वाशी गप्प बसतो. वाशी गेल्यावर त्यांनी काही विचारले, मग ते कितीही फालतू असो, तर खिडकी सोडून त्यांच्याकडे वळून बसतो.