वेष्टनावरील अक्षरे

पुड्यातील जिन्नस संपला, म्हणजे त्याचे वेष्टन केरात जाते. परंतु चौकस माणूस ते टाकण्यापूर्वी एकवार वाचून पाहतो. तो जिन्नस कोणत्या देशात विकण्यासाठी बांधला होता, हे त्या वेष्टनावरून बहुधा ओळखता येते.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या एखाद्या नेपाळी मजुराने गावाहून शेवयांचा पुडा आणला आहे, अशी कल्पना करा. त्याचे वेष्टन एका मुलाच्या हाती पडते. त्यावरील लिपी देवनागरी. तेव्हा पुडा भारतातलाच, असे त्याला प्रथम वाटते. पण मराठी, हिंदी आणि नेपाळी या तिन्ही भाषा देवनागरीतच लिहितात. लिपीने शोधाचे क्षेत्र लहान होते, एवढेच.

मग तो शब्दांकडे वळतो. वेष्टनावर ‘सुख्खा ठाउँमा राख्नुहोस्’ असे छापले आहे. मराठीत हीच सूचना ‘कोरड्या जागी ठेवा’ अशी असती आणि हिंदीत ‘सूखे स्थान पर रखें’ अशी. ‘ठाउँमा’ यातील ‘मा’ हा प्रत्यय म्हणजे ‘मध्ये’, आणि तो नेपाळीचा आहे. सगळे वेष्टन धुंडाळूनही मराठीच्या ओळखीचा ‘ळ’ त्याला सापडत नाही.

तरीही भाषेवर सारा भार टाकून चालत नाही. भारतात पुड्यावरचा कायद्याने आवश्यक असलेला मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत छापावा लागतो. त्यामुळे शहापूरच्या दुकानातील पुड्यावर मराठीचा एकही शब्द नसला, तरी नवल नाही. शिवाय नेपाळीभाषक लोक भारतातही राहतात.

खरी साक्ष देते ती किमतीची ओळ. ‘रुपया’ हे नाव दोन्ही देशांत चालते. पण ‘₹’ हे चिन्ह भारताने 2010 साली आपल्या रुपयासाठी स्वीकारले. मुलाच्या हातातील वेष्टनावर ‘ने. रु. 50’ असे आहे. ‘ने.’ म्हणजे नेपाळी. एका भारतीय रुपयाचे 1.60 नेपाळी रुपये होतात. म्हणजे पुड्याची किंमत आपल्याकडील सुमारे 31 रुपये झाली. असा पुडा येथे कोणी विकावयास ठेवला आणि गिऱ्हाइकाने केवळ आकडा पाहून 50 रुपये मोजले, तर 19 रुपये व्यर्थ जातील!

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. भारतीय खाद्यपदार्थांवर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. पण तो परवाना व्यवसाय करणाऱ्याचा असतो. भारतात तयार होऊन परदेशी जाणाऱ्या पुड्यावरही तो आढळू शकतो. वस्तू कोठे तयार झाली हा एक प्रश्न आणि ती कोणासाठी बांधली हा दुसरा. म्हणून लिपी, शब्द आणि किंमत या तिघांची साक्ष जुळली, म्हणजेच निर्णय करावा.