यंत्राची परीक्षा

वीस वर्षे मी मुलांचे पेपर तपासतो आहे. उत्तर चुकले की दोष मुलाचा, असे आम्ही मास्तर लोक धरूनच चालतो. पण निम्मा वर्ग एकाच प्रश्नाला अडखळला, तर शहाणा मास्तर आपली प्रश्नपत्रिका पुन्हा वाचून पाहतो. स्टेशनावरच्या तिकिटाच्या यंत्राला हा न्याय कुणी लावीत नाही. तिथे अडखळणारा नेहमी अडाणीच ठरतो!

परवा आमच्या मावशी भाचीला घेऊन दादरला निघाल्या. यंत्राशी त्यांची ही पहिलीच गाठ. स्टेशनांच्या नावांची बटणे एकाखाली एक, अगदी चिकटून मांडलेली. माणसाचे बोट टोकाला सुमारे एक ते दीड सेंटिमीटर रुंद असते. बटण त्याहून अरुंद, आणि दोहोंत फट नाही, म्हणजे बोट शेजाऱ्याच्या दारात जायचेच. दुसऱ्या खेपेस दादर सापडले. मग प्रवासी दोन करण्यासाठी मावशींनी अधिकाचे चिन्ह दाबले. क्षणभर काहीच हलले नाही, म्हणून पुन्हा दाबले. यंत्राने दोन्ही दाबणी इमानाने मोजली आणि प्रवासी तीन केले. पुढच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत केवळ रक्कम होती. तीन हा आकडा कोपऱ्यात, मुंगीएवढा. भाचीची नजर तिथे गेली म्हणून बरे; नाही तर तिसऱ्याचे पैसे गेलेच होते.

यावर उपाय नाही असे नव्हे. 1988 साली मेरीलँड विद्यापीठात पॉटर, वेल्डन आणि श्नायडरमन यांनी स्पर्शपडद्याच्या तीन तऱ्हा लोकांकडून वापरवून पाहिल्या. बोट टेकताच निवड होण्यापेक्षा बोट उचलल्यावर निवड होणाऱ्या तऱ्हेत चुका कमी झाल्या. कारण साधे आहे. बोट टेकलेले असतानाच कशाची निवड होते आहे ते दिसते, आणि चुकत असेल तर उचलण्याआधी सरकवता येते. दाबलेले बटण तत्काळ उजळले असते, तर मावशींनी ते दुसऱ्यांदा दाबलेच नसते. आणि पैसे घेण्यापूर्वी ‘दादर, दोन प्रवासी, परतीचे’ असे एक ठसठशीत वाक्य दाखवले असते, तर चूक त्यांची त्यांनाच दिसली असती.

माझ्या मते यंत्राची परीक्षा सोपी आहे. ते कधीही न वापरलेली पाच माणसे आणावी, प्रत्येकाला एक तिकीट काढायला सांगावे आणि आपण तोंड मिटून उभे राहावे. बोट कुठे थबकते आणि कुठे माघारी फिरते, तेवढे टिपून घ्यावे. दोघेतिघे एकाच जागी थबकले, तर ती पायरी नापास!

आज पुष्कळ यंत्रांपाशी प्रवाशांना तिकीट काढून देणारा एक गृहस्थ उभा असतो. बिचारा भराभर बोटे चालवतो आणि लोक त्याला दुवा देतात. मला मात्र तो यंत्राच्या प्रगतिपुस्तकावरचा लाल शेरा वाटतो.